डेटा संपल्यावरही रेझ्युमे जातो, फक्त तो 60 केबीचा पाहिजे

पत्र : ताई, मी बी.कॉम झालेय, टॅलीचा कोर्स पण केलाय. फोन जुना आहे, 2 जीबी रॅम, 16 जीबी स्टोरेज आणि तेही कायम फुल. रोजचा 1 जीबीचा पॅक, तो दुपारी दोन-तीनपर्यंत गायब, मग नेट इतकं स्लो की काही उघडतच नाही. नोकरीचं ॲप टाकलं तर फोन हँग होतो. रेझ्युमे कॅफेत बनवला होता, त्याचा फोटो काढून पीडीएफ केलाय, 4 एमबीचा, तो अपलोड करायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतं. सायबर कॅफेवाला एका फॉर्मचे 100 रुपये घेतो. पप्पा यंत्रमाग कारखान्यात आहेत, नवीन फोन आत्ता तरी जमणार नाही. या फोनवर नोकरी शोधता येईल का, खरं सांगा.
— अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : अगं येईल की. तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द कुठला माहितीये का, "स्लो". म्हणजे दुपारी तीननंतर तुझं नेट बंद होत नाही, नुसतं हळू होतं. रोजचा कोटा असलेल्या बऱ्याच पॅकमध्ये असंच असतं, कोटा संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो पण त्याला लिमिट नसते, रात्री बारापर्यंत पाहिजे तेवढं वापर. आधी तुझ्या पॅकच्या मेसेजमध्ये किंवा रिचार्जवाल्याकडे एवढं बघून घे की तुझ्यात हे आहे का, कारण महिन्याला एकदम अमुक जीबी देणारे जे पॅक असतात त्यातल्या काहींत संपलं की संपलं, मग फुकटचं हळू नेट पण नाही. तुझा रोजचा आहे त्यामुळे बहुतेक आहेच.

आता हे 64 म्हणजे किलोबिट, किलोबाइट नाही, म्हणून आठने भागायचं, सेकंदाला 8 केबी. तुझी 4 एमबीची पीडीएफ म्हणजे जवळपास 4,100 केबी, भागिले 8 म्हणजे साडेआठ मिनिटं, आणि हे सगळं नीट चाललं तर. कुठलीही साइट साडेआठ मिनिटं तुझ्यासाठी थांबत नाही, मधेच तोडून टाकते, म्हणून ते गोल गोल. तोच रेझ्युमे 60 केबीचा असला तर मेलमध्ये अटॅच झाल्यावर एक तृतीयांशाने फुगतो, म्हणजे 80 केबी धर, आणि दहा सेकंदांत जातो. प्रत्यक्षात रेंज वरखाली होते, अर्धा मिनिट धर. पण जातो. डेटा संपलेला असताना जातो.

त्यामुळे सगळी नोकरीशोधाशोध अशी लावायची की त्यातलं जास्तीत जास्त काम या हळू नेटवर झालं पाहिजे आणि जे त्यावर होतच नाही तेवढंच सकाळच्या फास्ट डेटात करायचं. सुरुवात रेझ्युमेपासून, कारण तिथेच सगळं अडलंय.

फोटोवाली पीडीएफ जड असते हा एक भाग झाला, पण त्याहून वाईट म्हणजे ती कॉम्प्युटरला वाचता येत नाही, तिच्यात अक्षरं नाहीतच, चित्र आहे. नोकरीच्या साइटवर टाकलास तर तिथे "Tally" असं शोधणाऱ्या माणसाला तू सापडणारच नाहीस. ओळखायचं कसं, तर पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धर, शब्द सिलेक्ट झाला तर अक्षरं आहेत, नाही झाला तर नुसता फोटो. तुझा होणार नाही.

म्हणून परत टाइप कर, कॅफेत न जाता. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे ना, तिथे नाहीतर फोनच्या नोट्समध्ये सगळा मजकूर आधी टाइप करून घे, याला डेटा जवळपास लागतच नाही आणि चार दिवस घेतलेस तरी चालतं. मग गूगल डॉक्सचं ॲप लागेल, ते जरा जड आहे, म्हणून कुणाच्या तरी वायफायवर एकदाच टाक, मजकूर पेस्ट कर, ठळक करायचं ते ठळक कर, आणि वरच्या तीन टिंबांमधून शेअर अँड एक्सपोर्टमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून सेव्ह कर. ती पीडीएफ फोनमध्ये नीट उघडते का बघितलंस की डॉक्स ॲप काढून टाकलंस तरी चालेल, फाइल तुझ्या गूगल ड्राइव्हवर राहते. एक पान, फोटो नाही, चौकटी नाहीत, रंगीत पट्ट्या नाहीत, असा रेझ्युमे साधारण 30 ते 80 केबीत बसतो. फाइल्स ॲपमध्ये त्या फाइलच्या माहितीत साइज दिसते, 100 च्या वर गेली असेल तर कुठेतरी लोगो नाहीतर फोटो चिकटलाय, तो शोधून काढ.

फाइलचं नाव पण बदल. `DOC-20240611-WA0007.pdf` असल्या नावाची फाइल समोरच्याच्या डाउनलोडमध्ये शंभरात हरवते. असं ठेव:

```
Resume_BCom_Tally_Solapur.pdf
```

पुढे स्वतःचं नाव लावायचं असेल तर लाव. आत काय लिहायचं यावर वेगळं पत्र होईल, पण दोन गोष्टी सांगते ज्या आपल्याकडची पोरं विसरतात. एक, टॅली येते एवढंच लिहू नको, टॅलीत काय येतं ते लिही, सेल्स-परचेस एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीचं बिल, जे खरंच हाताने केलंय ते. एमएस-सीआयटी किंवा टायपिंगची परीक्षा झाली असेल तर वर्षासकट. आणि दोन, भाषा. सोलापुरात घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी माणसं किती आहेत, आणि कापडाच्या पेढीवर किंवा बिलिंग काउंटरला ती भाषा किती कामाची आहे, तरी रेझ्युमेत "मराठी, हिंदी, इंग्लिश" एवढंच. येत असेल तर लिही.

आता तो 1 जीबी दुपारपर्यंत जातो कुठे. शोधाशोधीत नाही जात, नोकरीच्या साइटचं एक पान दोन-चार एमबीचं असतं, शंभर पानं उघडलीस तरी दोनशे ते चारशे एमबी, आणि शंभर पानं काय तू एका दिवसात उघडत नाहीस. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा युसेज म्हणून असतं, तिथे कुठल्या ॲपने किती खाल्लं याची यादी मोठ्यापासून छोट्यापर्यंत दिसते, आत्ता वाचतावाचता उघड. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची बघितली होती, तुझ्यासारखाच फोन, त्यात सगळ्यात वर प्ले स्टोअर, त्याखाली व्हॉट्सॲप, आणि क्रोम ज्यात तो नोकरी शोधत होता ते चौथ्या नंबरवर. प्ले स्टोअर गुपचूप सगळ्या ॲपचे अपडेट ओढत होतं, आणि व्हॉट्सॲपवर नोकरीचे आठ-दहा ग्रुप, प्रत्येकात रोज तीच तीच जाहिरातीची पीडीएफ आणि वर कुणाचे तरी गुड मॉर्निंगचे व्हिडिओ, सगळं आपोआप डाउनलोड. त्याचा डेटा तर जात होताच पण फोनही त्यानेच भरला होता.

तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या खाली ऑटो-अपडेट फक्त वायफायवर कर. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये मोबाइल डेटावर ऑटो-डाउनलोड होणारं फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळ्याची टिक काढ, तिथेच मॅनेज स्टोरेजमध्ये 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या दाखवतात, त्या पुसलंस की फोनला श्वास घेता येईल. आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा सेव्हर चालू कर, त्याने मागे चालणाऱ्या ॲपचं नेट तुटतं, फक्त जीमेल आणि व्हॉट्सॲप यांना त्यात सूट दे, नाहीतर इंटरव्ह्यूचा मेल तू ॲप उघडेपर्यंत येणारच नाही. स्टोरेज मोकळं ठेवायचं ते नुसतं फोटोसाठी नाही बरं का, फोन अगदी काठोकाठ भरला की काही फोनवर एसएमएस यायचे बंद होतात, आणि एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही.

नोकरीचं ॲप काढून टाक. तेच सगळं क्रोममध्ये साइटवर होतं, ॲप फक्त जागा आणि रॅम खातं. साइटवर एकदा खातं उघडून जॉब अलर्ट लावायचा, म्हणजे रोज तू जाऊन शोधायचं नाही, नवीन जागा आली की तीच मेलवर येते. अलर्ट अगदी अरुंद लाव. "अकाउंट्स, महाराष्ट्र" असा लावलास तर पुण्या-मुंबईचा पाऊस पडेल. "टॅली, सोलापूर", "बिलिंग, सोलापूर", "अकाउंट्स असिस्टंट, सोलापूर" असे दोन-तीन वेगवेगळे. मेल म्हणजे मजकूर, थोडे केबी, हळू नेटवरही उघडतो, पण एक अट आहे, जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तुझ्या अकाउंटवर जाऊन इमेजेस मध्ये "विचारल्याशिवाय दाखवू नको" हे निवड, कारण या अलर्टमध्ये लोगो आणि बॅनरच जास्त असतात. तिथेच किती दिवसांचे मेल सिंक करायचे ते 30 वरून 7 वर आण. मग दुपारी तीननंतर निवांत बसून मेल वाच, जी जागा बरी वाटते तेवढीच दुसऱ्या दिवशी सकाळी उघड.

ऑपेरा मिनी तुला कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. छोटा ब्राउझर आहे, डेटा खरंच वाचवतो, त्यात चित्रं पूर्ण बंद करता येतात, जाहिराती वाचायला बेस्ट. पण तो वाचवतो कसा, तर एक्स्ट्रीम मोडमध्ये पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे दाबून लहान होतं आणि मग तुझ्याकडे येतं. म्हणजे तू टाकलेला पासवर्ड पण त्यांच्या सर्व्हरवरून जातो. शिवाय मोठे फॉर्म त्यात अर्धवट चालतात, ड्रॉपडाउन उघडत नाही, सबमिटचं बटण मेलेलं असतं. त्यामुळे वाचायला ऑपेरा मिनी, लॉगिन आणि फॉर्मला क्रोम. बँकेचं तर त्यात अजिबात नको.

आता फॉर्म. हे काम हळू नेटवर होत नाही, त्यावर वेळ घालवू नको. कोटा बहुतेक कंपन्यांचा रात्री बारानंतर नवा होतो, म्हणून फॉर्म सकाळी सहा-सातला भर, डेटा पण ताजा आणि सरकारी साइटवर गर्दी पण कमी, शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी भरायला बसणाऱ्यांचं काय होतं ते तू बघितलं असशील. तुझ्यासाठी दोन ठिकाणी नोंदणी एकदाच करून ठेवायची, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, `ncs.gov.in`, आणि राज्याचं महास्वयंम, `rojgar.mahaswayam.gov.in`. दोन्ही फुकट. एनसीएसचा टोल फ्री नंबर 1514 आहे, तिथे अडलं तर फोन करायचा, त्याला डेटा लागत नाही. महास्वयंमवर आपल्या जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांची माहिती पण येते, आणि मेळाव्यात अपलोडचं झंझटच नाही, रेझ्युमेच्या झेरॉक्स घेऊन जायचं.

2 जीबी रॅमच्या फोनवर फॉर्म भरताना एक गोष्ट हमखास होते आणि माणसाला वाटतं साइटच खराब आहे. अर्धा तास बसून सगळं भरलं, ओटीपी आला, तो बघायला तू मेसेजमध्ये गेलीस, परत क्रोमवर आलीस तर पान पहिल्यापासून लोड होतंय आणि फॉर्म कोरा. साइटची चूक नाही ती, फोनमध्ये जागा नाही म्हणून अँड्रॉइडने मागे गेलेलं क्रोम मारून टाकलं. यावर उपाय असा की ओटीपी बघायला क्रोममधून बाहेर पडायचंच नाही, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायची, आकडे तिथेच वाचायचे, पट्टी वर सरकवायची आणि हाताने टाइप करायचे. फोटो अपलोड करताना पण तसंच, "कॅमेरा" निवडू नको, कॅमेरा उघडला की क्रोम गेलंच समज, फोटो आधीच काढून तयार ठेव आणि "फाइल्स" मधून निवड. बसायच्या आधी बाकीची सगळी ॲप बंद, क्रोममध्ये एकच टॅब. शक्य असेल तर फोन एकदा बंद करून चालू करून मगच बस. आणि जे जे टाइप करावं लागणार, पत्ता, कॉलेजचं नाव, वर्षं, टक्के, ते नोट्समध्ये नको तर कागदावर लिहून शेजारी ठेव, नोट्स उघडायला गेलीस तरी तेच होणार.

फोटो आणि सहीचा आकार हा दुसरा सापळा, कॅफेवाले 100 रुपये घेतात ते निम्मे यासाठीच. उदाहरण म्हणून बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसचं बघ, फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी मागतात. तुझ्या फोनने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच साइज सगळ्यात कमीवर आण. पांढऱ्या भिंतीसमोर दिवसाच्या उजेडात फोटो काढून घे, मग तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठव, फोटो म्हणून, डॉक्युमेंट म्हणून नाही, एचडी पण नाही. व्हॉट्सॲप त्याला दाबून शंभर-दोनशे केबीवर आणतं. तो सेव्ह झालेला फोटो गॅलरीत क्रॉप कर, चेहरा आणि खांदे एवढंच, आणि साइज बघ. सहीला पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही, वरून सरळ फोटो, व्हॉट्सॲप, आणि मग सहीच्या अगदी कडेने क्रॉप, सही बहुतेक वेळा एवढ्यातच बसते. फोटो थोडा जास्त राहिला तर केबी कमी करून देणाऱ्या साइट असतात, तिथे तुझा पासपोर्ट फोटो टाकायला हरकत नाही, पण आधार, मार्कशीट, सही असल्या साइटवर टाकू नको. एकदा तयार झाले की दोन्ही एका फोल्डरमध्ये, नावं `photo_40kb.jpg` आणि `sign_15kb.jpg`, आकडा नावातच म्हणजे दरवेळी बघावं लागत नाही.

जाहिरातीच्या पीडीएफ मात्र जडच असतात, सरकारी तर स्कॅन केलेल्या, पाच-दहा एमबीच्या. त्या सकाळच्या डेटात ओढण्यापेक्षा मैत्रिणीकडे वायफाय असेल तर तिच्या फोनवर डाउनलोड करून क्विक शेअरने घे, ते ब्लूटूथ आणि वायफायवरून थेट फोनमधून फोनमध्ये जातं, इंटरनेट लागतच नाही, दोन फोन जवळ असले की झालं. आपल्या जिल्ह्याच्या भरतीसाठी ग्रुपवर फिरणारी पीडीएफ खरी का खोटी यात पडण्यापेक्षा `solapur.gov.in` वर भरतीच्या सूचना बघत जा. रेल्वे स्टेशनला तुझं जाणं-येणं असेल तर तिथल्या रेलवायर वायफायवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून रोज पहिला अर्धा तास फुकट मिळतो, 1 एमबीपीएसने, म्हणजे 10 एमबीची पीडीएफ दीड मिनिटात. मुद्दाम रिक्षा करून मात्र जाऊ नको, रिक्षाच्या पैशात डेटाचं टॉपअप येतं. आणि तिथे यूपीआय, बँक काही उघडू नको.

पण खरं सांगू का, तुला जी नोकरी पाहिजे ना, अकाउंट्स, बिलिंग, टॅली, ती सोलापुरात अर्ध्याहून जास्त वेळा पोर्टलवर येतच नाही. टॉवेल-चादरीचे कारखानदार, गारमेंटवाले, सुताचे व्यापारी, सीए ऑफिस, हे लोक कुणाला तरी सांगतात, पेपरात छोटी जाहिरात देतात, नाहीतर गेटवर पाटी लावतात. तू अक्कलकोट रोडला राहतेस, एमआयडीसी तुझ्या दारात आहे. आणि तुझ्या पॅकमध्ये कॉल अनलिमिटेड असणार, त्याला डेटाचा कोटा लागत नाही, 4जीवरून झालेला साधा कॉल पण डेटातून कापला जात नाही, फक्त व्हॉट्सॲप कॉल कापला जातो. म्हणजे तुझ्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार फोनचा हिरवा बटण आहे आणि ते तू वापरतच नाहीयेस.

मी ज्या मुलाचं सांगितलं त्याने हेच केलं. पप्पांना विचार, त्यांच्या कारखान्याचे हिशोब कोण बघतं, सूत कुठून येतं, माल कुठे जातो, चार नावं तिथेच निघतील. पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचनालयात किंवा चहाच्या टपरीवर बघून नंबर वहीत उतरवायचे. एमआयडीसीतून जाताना गेटवरची पाटी दिसली की नंबर लिहून घ्यायचा, फोटो पण नको. मग सकाळी अकरा-साडेअकराला फोन: "नमस्कार, मी बी.कॉम आहे, टॅली येतं, तुमच्याकडे अकाउंट्स किंवा बिलिंगला जागा असेल तर रेझ्युमे पाठवायला मेल आयडी किंवा व्हॉट्सॲप नंबर द्याल का?" एवढंच. जागा आहे का असं नुसतं विचारलंस तर "नाही" म्हणून ठेवतात, मेल आयडी मागितला तर बहुतेक जण देतात. सीए ऑफिसला फोन करायचा असेल तर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास करू नको, जीएसटीआर-1 आणि 3बी भरायच्या तारखा असतात त्या, डोकं वर काढायला वेळ नसतो त्यांना, 21 नंतर कर. जुलैच्या शेवटी तर नकोच, इन्कम टॅक्सची धावपळ असते.

आणि मेल आयडी मिळाला की त्याच दिवशी दुपारी, डेटा संपलेला असताना, पाठवायचं. विषयात "नोकरीबाबत" असं मोघम नको, "अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज, बी.कॉम, टॅली, सोलापूर" असं लिही, त्यांनी मेल न उघडताच कळलं पाहिजे. खाली तीन-चार ओळी:

"नमस्कार, आज सकाळी फोनवर बोलणं झालं होतं. मी बी.कॉम असून टॅलीमध्ये सेल्स-परचेस एंट्री आणि जीएसटी बिलिंग करू शकते. अक्कलकोट रोडलाच राहते, लगेच रुजू होऊ शकते. रेझ्युमे जोडला आहे. फोन सकाळी 10 ते संध्याकाळी 7 लागतो."

सेंड दाबल्यावर लगेच जीमेल बंद करू नको. हळू नेटवर मेल आधी आउटबॉक्समध्ये थांबतो आणि ॲप बंद केलं तर तिथेच पडून राहू शकतो, समोरच्याला काही मिळत नाही आणि तू उत्तराची वाट बघत बसतेस. सेंटच्या फोल्डरमध्ये दिसला की मग बंद कर. व्हॉट्सॲपवर पाठवलंस तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, रेझ्युमेचा स्क्रीनशॉट नको, आणि घड्याळाचं चिन्ह जाऊन टिक येईपर्यंत थांब. वहीत एक ओळ लिही, तारीख, कुणाला, कुठल्या मार्गाने. सात-आठ दिवसांनी परत एक फोन, "रेझ्युमे मिळाला का" म्हणून. त्या मुलाला काम लागलं ते दुसऱ्या फोनवर, पहिल्या वेळी त्यांनी मेल उघडलाच नव्हता.

घरात एकच फोन आहे का तुझा, तू लिहिलं नाहीस, पण असेल तर घरच्यांना सांगून ठेव की अनोळखी नंबरचा फोन आला तर कट करायचा नाही, नाव आणि नंबर लिहून घ्यायचा. आणि रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंग पण बंद होतं, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर.

नोकरीच्या नावाखाली रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे मागितले की तिथेच थांब, आणि व्हॉट्सॲपवर `.apk` फाइल पाठवून "हे ॲप टाका, घरबसल्या डेटा एंट्री" म्हणाले तर ती उघडायची पण नाही, तसलं ॲप तुझे एसएमएस म्हणजे ओटीपी वाचतं. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच 1930 ला फोन.

राहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू. व्हिडिओ कॉल तासाला अर्ध्या जीबीच्या वर सहज खातो, आणि दुपारी तीनला ठेवला तर तुझ्या 64 वर तो चालणारच नाही. म्हणून बोलावणं आलं की सरळ विचार, "सर, साध्या फोनवर घेता येईल का, नाहीतर सकाळची वेळ मिळेल का?" सोलापुरातलीच कंपनी असेल तर "मी ऑफिसला येऊनच भेटते" म्हण, बहुतेकांना तेच आवडतं. व्हिडिओच पाहिजे म्हणाले तर सकाळपासून डेटा बंद ठेवून कोटा राखून ठेव, कॉलच्या आधी फोन रीस्टार्ट कर, सुरुवातीला चेहरा दाखवून झाला की "नेट कमी आहे, व्हिडिओ बंद करू का?" असं विचारून कॅमेरा बंद कर. नुसता आवाज असला तर तुझा फोन तासभर आरामात टिकतो.